पायचीत हवे, लेग स्टंपही हवा

नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नदीन डी क्लर्कचा झेल हरमनप्रीत कौरने टिपला आणि भारतीय महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. त्या आठवड्यात नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत क्रिकेट पहिल्यांदाच पूर्ण पाहिले गेले. ज्यांना खेळ पाठ होता ते बोलत होते, आणि ज्या पहिल्यांदा बघत होत्या त्या विचारत होत्या: म्हणजे काय? पायचीत म्हणजे काय, पॉवरप्ले म्हणजे काय, पाच गडी राखून म्हणजे नेमके काय राखले? दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रांतही याचे उत्तर नव्हते, कारण क्रीडापान वाचकाला खेळ येतो असे धरूनच लिहिले जाते.

या प्रश्नांना उत्तर देणारा साध्या मराठीतला छोटा शब्दकोश करायचा, तर पहिल्याच नोंदीला अडचण येते. शीर्षकशब्द कोणता घ्यायचा? बॅट्समन की फलंदाज, विकेट की गडी, ओव्हर की षटक? यावर आजवर दोन टोकांची मते मांडली गेली. इंग्रजी खेळ आहे, तर इंग्रजीच शब्द ठेवा, हे एक. जे मराठीत आणता येते ते सगळे आणा, हे दुसरे. दोन्ही मते शब्दाचे मूळ पाहतात. शब्द काय काम करतो हे ती पाहत नाहीत. निवड कामावरून झाली पाहिजे, असे माझे मत आहे, आणि या लेखात मी शब्दांचे काही मोजके गट घेऊन ते तपासणार आहे. तपासणीसाठी त्याच अंतिम सामन्याचा धावफलक घेतो, कारण कोशाला लागणारे बहुतेक शब्द त्या एका फलकात आहेत.

आधी परिस्थिती पाहू. मराठीत क्रिकेटचे शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी चालतात. मैदानावर खेळणारी मुले बॅटिंग, बॉलिंग, फिल्डिंग, कॅच, रन, विकेट, ओव्हर असेच म्हणतात. नेरूळ असो, ऐरोली असो की उरणच्या गावातले टेनिस चेंडूचे सामने, तिथे कोणी झेल असे ओरडत नाही. वर्तमानपत्रात मात्र फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, झेल, धावा, बळी, षटके हे शब्द रोजचे आहेत, आणि ते वाचताना कोणाला कृत्रिम वाटत नाहीत. तिसरे ठिकाण समालोचनाचे. तिथे दोन्ही मिसळतात.

वर्तमानपत्री शब्द आपोआप रुळले नाहीत. ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ मध्ये सुरू झाला आणि वि. वि. करमरकरांनी त्यात खेळाला रोजची हक्काची जागा मिळवून दिली. रोज लिहायचे म्हटले की रोज शब्द लागतात. पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत समालोचन केले. ऐकणाऱ्याला चित्र दिसत नाही आणि चेंडू तर पुढच्या क्षणी पडतो, अशा वेळी शब्द लांब असला तर समालोचक मागे राहतो. मराठीतले जे क्रिकेटचे शब्द आज जिवंत आहेत त्यांतले पुष्कळ दोन-तीन अक्षरांचे आहेत: धाव, झेल, डाव, चेंडू, बाद, पंच. हे योगायोगाने घडलेले नाही. बोलताना जे पुरे पडले तेच टिकले.

देशी आणि उसना हा भेदही वाटतो तितका सरळ नाही. गोलंदाज हा शब्द आज अस्सल मराठी वाटतो, पण तो तोफखान्यातून आला आहे. मराठ्यांच्या फौजेत तोफ डागणारा तो गोलंदाज. त्यातला ‘अंदाज’ फारसी, फेकणारा या अर्थाचा, जो तिरंदाजातही आहे. फलंदाज हा त्याच धर्तीवर फळीवरून घडवलेला. क्रिकेटला पूर्वी चेंडूफळी म्हणत, त्यातली ही फळी. अर्थाने पाहिले तर फलंदाज म्हणजे फळी फेकणारा असे काहीतरी विचित्र होईल, पण भाषेला त्याची अडचण कधी पडली नाही, कारण गोलंदाज आणि फलंदाज ही जोडी कानाला बसली. नाबादमधला ‘ना’ही फारसीच. म्हणजे बॉलर काढून गोलंदाज आणला तेव्हा आपण परका शब्द काढून देशी आणला नाही. तीनशे वर्षे मुरलेला उसना शब्द आणला. मूळ पाहून शब्द निवडायचे ठरवले तर पहिली कुऱ्हाड गोलंदाजावरच पडेल.

आता विकेट. कोशकाराची खरी परीक्षा या एका शब्दापाशी होते, म्हणून इथे थोडे थांबू.

इंग्रजीत विकेट या एका शब्दाचे निदान चार अर्थ आहेत. जमिनीत रोवलेल्या तीन काठ्या आणि त्यांच्यावरचे दोन छोटे तुकडे मिळून होते ती विकेट. फलंदाज बाद झाला की पडते तीही विकेट. दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमधल्या बावीस यार्डांच्या, म्हणजे २०.१२ मीटरच्या पट्टीलाही बोलताना विकेटच म्हणतात, ‘विकेट फिरकीला साथ देते’ असे. आणि दोन फलंदाजांनी मिळून केलेली भर ही पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या विकेटची. मैदानावरचा मुलगा हे चारही अर्थ प्रसंगावरून ओळखतो. नव्याने पाहणारी व्यक्ती गोंधळते. ‘विकेट चांगली आहे म्हणून विकेट पडत नाही’ हे वाक्य तिला कसे समजणार?

मराठीने इथे इंग्रजीपेक्षा चांगले काम केले आहे. चार अर्थांना चार शब्द दिले. काठ्यांना यष्टी, बाद होण्याला गडी किंवा बळी, पट्टीला खेळपट्टी, आणि दोघांच्या भरीला भागीदारी. अंतिम सामन्यात स्मृती मानधना आणि शफाली वर्मा यांनी १०४ धावांची सलामीची भागीदारी केली, खेळपट्टी पावसानंतरची होती, दीप्ती शर्माने ३९ धावांत पाच बळी घेतले. या वाक्यात विकेट हा शब्द एकदाही लागला नाही आणि काहीच अडले नाही. म्हणून माझा पहिला निर्णय असा: विकेट ही नोंद कोशात असावी, पण तिथे व्याख्या नसावी. तिथून चार वाटा दाखवाव्यात, आणि व्याख्या यष्टी, बळी, खेळपट्टी, भागीदारी या चार ठिकाणी यावी. ऐकलेला शब्द शोधणाऱ्याला तो सापडेल, आणि समजून घेताना गोंधळ होणार नाही.

गडी आणि बळी यांतही फरक करायला हवा. गोलंदाजाच्या खात्यात जमा होतो तो बळी. संघाचा बाद होतो किंवा शिल्लक राहतो तो गडी. दीप्तीचे बळी पाच, शफालीचे दोन, श्री चरणीचा एक, अशी बेरीज आठ होते. दक्षिण आफ्रिकेचे गडी मात्र दहा बाद झाले, कारण दोन धावबाद होते आणि धावबादचे श्रेय कोणत्याच गोलंदाजाला मिळत नाही. त्याआधी ३० ऑक्टोबरला याच मैदानावर भारताने ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा ओलांडल्या आणि सामना पाच गडी राखून जिंकला. राखले म्हणजे काय, याचे उत्तर असे: अकरांपैकी दहा गडी बाद झाले की डाव संपतो, भारताचे पाचच बाद झाले होते, म्हणून पाच उरले. अंतिम सामन्यात भारताची फलंदाजी आधी झाली, म्हणून विजय गड्यांनी नाही, तर ५२ धावांनी मोजला गेला. २९८ विरुद्ध २४६. हे कोशात दोन ओळींत सांगता येते. क्रीडापानावर ते कधी सांगितले जात नाही.

बाद होण्याच्या तऱ्हांकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेच्या दहा जणी अशा बाद झाल्या: पाच झेलबाद, दोन पायचीत, दोन धावबाद, एक त्रिफळाचीत. मराठीने या शब्दांत कुस्तीचा आखाडा आणला आहे. पाठीवर पडला तो चीत. त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, आणि जुन्या लेखनात धावचीतही. चीतचे हे कुटुंब फार सुंदर आहे, पण ते आता वाढत नाही. नवा शब्द करायची वेळ आली की मराठी माणूस ‘बाद’ लावतो. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीत श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज बांगलादेशाविरुद्ध वेळेत चेंडू खेळायला तयार नव्हता म्हणून बाद दिला गेला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असे पहिल्यांदाच घडले. त्याला मराठीत काय म्हणायचे? ‘वेळचीत’ कोणाच्या तोंडी येणार नाही, ‘वेळबाद’ लगेच कळतो. म्हणून धावचीत आणि धावबाद या जोडीत मी धावबाद घेईन, आणि धावचीतपुढे ‘पाहा धावबाद’ असे लिहीन. पायचीत आणि त्रिफळाचीत मात्र जसे आहेत तसेच राहू देईन. पायबाद असे आज कोणी म्हणत नाही, आणि केवळ एकसारखेपणासाठी चालते शब्द मोडायचे नसतात.

त्रिफळा या शब्दावर एक शेरा हवा. नव्या वाचकाला त्रिफळा म्हणजे आवळा, हिरडा, बेहडा यांचे चूर्णच आठवते. कोशात ‘तीन यष्ट्यांचा संच’ असे पहिल्याच ओळीत सांगितले की प्रश्न मिटतो. यष्ट्यांवरच्या दोन छोट्या तुकड्यांचे मात्र तसे झाले नाही. हिंदी समालोचक त्यांना गिल्ली म्हणतात. मराठीत विटी म्हणता आले असते, विटीदांडू खेळलेल्या कोणालाही ते पटकन कळले असते. पण मराठी क्रिकेटमध्ये विटी रुजली नाही, सगळे बेल्स म्हणतात. मी बेल्सच घेईन आणि व्याख्येत विटीचा आधार घेईन: ‘यष्ट्यांच्या डोक्यावर ठेवलेले विटीसारखे दोन लाकडी तुकडे. यांतला एक तरी पडला किंवा यष्टी उखडली, तरच त्रिफळा उडाला असे धरतात.’ न रुजलेला शब्द शीर्षकाला नको, पण समजावायला तो फार उपयोगी पडतो.

आता ज्या नोंदीवर सगळा कोश तपासता येईल ती नोंद: पायचीत. शब्द आपला, छोटा, रुळलेला. पण त्याची व्याख्या मराठीत लिहायला बसा. चेंडू नोबॉल नसावा. तो बॅटला आधी न लागता फलंदाजाच्या अंगाला लागावा. चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडलेला नसावा. चेंडू अंगाला लागला ती जागा दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांच्या सरळ रेषेत असावी. या अटीला एकच अपवाद: ऑफ स्टंपच्या बाहेर लागला तरी चालतो, पण तेव्हा फलंदाजाने खेळण्याचा प्रयत्नच केलेला नसावा. आणि चेंडू तसाच पुढे गेला असता तर यष्ट्यांवर आदळला असता, असे पंचांना वाटावे. या पाचही अटी एकत्र पुऱ्या झाल्या तर पायचीत.

या व्याख्येत दोन गोष्टी उघड होतात. पहिली, पायचीत म्हणजे पायालाच लागले पाहिजे असे नाही. नियम अंगाच्या कोणत्याही भागाचा आहे. १९९९ च्या डिसेंबरमध्ये अॅडलेडला ग्लेन मॅकग्राचा आखूड टप्प्याचा चेंडू अपेक्षेइतका उसळला नाही, सचिन तेंडुलकर खाली वाकला, चेंडू त्याच्या खांद्याला लागला आणि तो पायचीत दिला गेला. इंग्रजी नावातही पायच आहे, त्यामुळे ही अडचण भाषांतराने आणलेली नाही. पण कोशाने ती सांगितलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लेग आणि ऑफ या दोन शब्दांशिवाय पायचीत समजावता येत नाही. मराठीत हे दोन शब्द टाळण्याचा प्रयत्न झालेला आहे. ऑफ स्टंपला उजवी यष्टी आणि लेग स्टंपला डावी यष्टी म्हणायची रीत छापील मराठीत होती, अजूनही कधीमधी दिसते. ‘उजव्या यष्टीबाहेरचा चेंडू’ वाचायला छान वाटते. पण उजवी कोणाची? गोलंदाजाकडून पाहिले तर एक, फलंदाजाकडून पाहिले तर दुसरी. त्यातून फलंदाज डावखुरी असली की सगळेच उलटते. स्मृती मानधना डावखुरी, शफाली उजव्या हाताने खेळणारी. दोघी सलामीला एकत्र खेळत असताना एक धाव निघाली की ऑफची बाजू लेगची होते. ‘उजवी यष्टी’ त्या सामन्याचे वर्णन करताना दर एका धावेला चुकीची ठरली असती. ऑफ आणि लेग हे शब्द मैदानाच्या दिशा सांगत नाहीत, ते फलंदाजाच्या उभे राहण्याशी बांधलेले आहेत. बॅट धरून उभे राहिल्यावर पायांच्या, पाठीच्या बाजूला येते ती लेग. समोर, बॅट फिरते त्या बाजूला ती ऑफ. हे काम मराठीतला एकही रुळलेला शब्द करत नाही, म्हणून इथे इंग्रजी शब्द निःसंकोच घ्यावेत.

तेच क्षेत्ररक्षणाच्या जागांचे. स्लिप, गली, पॉइंट, कव्हर, मिड ऑफ, मिड ऑन, मिड विकेट, स्क्वेअर लेग, फाइन लेग, थर्ड मॅन. यांची भाषांतरे करण्यात वेळ घालवू नये. या नावांना आता इंग्रजीतही अर्थ उरलेला नाही, ती ठिकाणांची नावे झाली आहेत. जसे कोपरखैरणेला कोणी भाषांतर मागत नाही, तसे गलीला मागू नये. कोशात या सगळ्यांची मिळून एकच नोंद असावी, तीही एका आकृतीसह, उजव्या आणि डाव्या फलंदाजासाठी दोन आकृत्या शेजारी-शेजारी. दहा व्याख्या जे काम करणार नाहीत ते या दोन आकृत्या करतील.

षटकाची गोष्ट वेगळी आहे. षटक म्हणजे सहांचा गट, त्यामुळे शब्दातच संख्या अडकली आहे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या मोसमापर्यंत एका ओव्हरमध्ये आठ चेंडू असत. १९७७-७८ मध्ये बिशनसिंग बेदींचा संघ तिथे खेळला तेव्हाच्या ओव्हरी आठ चेंडूंच्या होत्या, म्हणजे ज्याला आपण षटक म्हणतो त्यात आठ. आजही वाइड किंवा नोबॉल पडला की तो सहांत मोजत नाहीत, त्यामुळे एका षटकात सात किंवा आठ चेंडूही टाकावे लागतात. शब्द तंतोतंत नाही, तरी मी तो घेईन. आज जगभर नियमाने सहाच चेंडू मोजले जातात, आणि षटक हा शब्द गेली अनेक दशके छापील मराठीत घट्ट बसला आहे. व्याख्येत फक्त ‘सहा वैध चेंडूंचा गट’ असे लिहायला हवे. वैध हा शब्द वगळला तर नवखी व्यक्ती सातवा चेंडू पाहून कोशच चुकला असे समजेल.

निर्धाव षटकातही असाच एक बारकावा दडलेला आहे. शब्द सांगतो की त्या षटकात धाव निघाली नाही. पण बाय आणि लेगबायच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. बॅटला न लागता चेंडू यष्टिरक्षकाला चुकवून गेला आणि फलंदाजांनी चार बाय धावा काढल्या, तरी षटक निर्धावच धरतात. वाइड किंवा नोबॉल पडला तर मात्र ते निर्धाव राहत नाही, कारण त्या धावा गोलंदाजाच्या खात्यात जातात. म्हणजे फलकावर चार धावा वाढल्या आणि षटक निर्धाव, असे होऊ शकते. व्याख्या ‘ज्या षटकात गोलंदाजाच्या नावावर एकही धाव लागत नाही’ अशीच हवी.

नव्या शब्दांपैकी मी एकच घेतो, कारण टीव्हीवर त्याने सर्वात जास्त गोंधळ होतो: अंपायर्स कॉल. पंचांचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे पुन्हा तपासायला नेला, पडद्यावर चेंडू यष्टीला स्पर्श करताना दिसतो आणि तरी नाबाद राहते, हे का? चेंडू यष्ट्यांना लागणार असे तंत्र दाखवत असले, पण चेंडूचा निम्म्याहून कमी भाग लागत असेल, तर मैदानावरच्या पंचांनी आधी दिलेला निर्णय कायम राहतो. त्यांनी बाद दिले असेल तर बाद, नाबाद दिले असेल तर नाबाद. याला मराठीत ‘पंचांचा निर्णय कायम’ असे म्हटले तर तीन शब्दांत नियमच सांगून होतो, आणि इंग्रजी शब्दातून तो कळत नाही. शीर्षक मात्र अंपायर्स कॉलच ठेवावे लागेल, कारण पडद्यावर तेच दोन शब्द येतात आणि माणूस तेच शोधायला येणार. पॉवरप्ले आणि डीआरएस यांचेही तसेच.

नेरूळच्या सामन्याने मराठी शब्दांपुढे आणखी एक प्रश्न ठेवला आहे, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने नियमांच्या भाषेत बदल केला आणि बॅट्समनऐवजी बॅटर हा शब्द घेतला, म्हणजे तो स्त्री-पुरुष दोघांना लागू पडेल. मराठीला हा बदल करावाच लागला नाही. फलंदाज, गोलंदाज, खेळाडू, कर्णधार, यष्टिरक्षक हे शब्द बाई-पुरुष दोघांनाही चालतात. ‘फलंदाज बाद झाली’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. बॅट्समन सोडून फलंदाज घेण्याचे हे आज सर्वात मोठे कारण आहे.

पण काही मराठी शब्दांत पुरुष आहे. सलामीवीर, शतकवीर, सामनावीर, बारावा गडी. अंतिम सामन्यात ८७ धावा आणि दोन बळींसाठी शफालीला पुरस्कार मिळाला. तिला सामनावीर म्हणायचे? वीर हा शब्द मराठीत पुल्लिंगीच चालतो आणि वीरांगना इथे जड होतो. मी ‘सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू’ हे शीर्षक घेईन आणि सामनावीर तिथेच खाली देईन. सलामीवीरऐवजी ‘सलामीचा किंवा सलामीची फलंदाज’. बारावा गडी याला ‘राखीव खेळाडू’ पुरेसे आहे. गडी हा शब्द मात्र मी काढणार नाही. खो-खो आणि कबड्डीत मुलीही गडीच असतात, ‘आमचे तीन गडी राहिले’ असे मुलीही म्हणतात. खेळातला गडी म्हणजे संघातला एक, हा अर्थ मराठीत केव्हाच स्थिर झाला आहे.

व्याख्या लिहितानाही हा विचार लागतो, कारण मराठीत क्रियापद लिंग सांगते. ‘फलंदाज बाद होतो’ असे प्रत्येक नोंदीत लिहिले तर पूर्ण कोशात एकही बाई खेळत नाही असे दिसेल. ‘फलंदाजाला बाद ठरवतात’, ‘फलंदाजाला परत जावे लागते’ अशी रचना केली की प्रश्नच उरत नाही, आणि वाक्यही सोपे राहते.

राहिले व्याकरण. उसना शब्द घेतला की त्याचे लिंग आणि अनेकवचन कोशाने सांगितले पाहिजे, कारण मराठी वाचक नेमके इथेच अडखळतो. विकेट ती, ओव्हर ती, बॉल तो, यावर मतभेद नाहीत. कॅचचे तसे नाही. ‘कॅच घेतला’ आणि ‘कॅच घेतली’ दोन्ही ऐकू येतात. झेल मात्र निःसंशय तो. यष्टी ती, अनेक यष्ट्या. धाव ती, अनेक धावा. षटक ते, अनेक षटके. लेखनातही एक ठरवायला हवे: यष्टी दीर्घ, पण समासात यष्टिरक्षक आणि यष्टिचीत ऱ्हस्व. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण शाळेतला निबंध किंवा सोसायटीच्या स्पर्धेचा फलक लिहिणाऱ्याला कोशाकडून याच हव्या असतात.

हे सगळे एकत्र ठेवले की निवडीचा नियम दिसतो. जो मराठी शब्द रोज छापला जातो आणि अर्थ फोडून सांगतो तो शीर्षकाला घ्यावा: फलंदाज, झेल, बळी, खेळपट्टी, पायचीत. जो इंग्रजी शब्द दिशा, जागा किंवा पडद्यावरचे नाव सांगतो तो तसाच घ्यावा: ऑफ, लेग, गली, डीआरएस. आणि मैदानावर ऐकू येणारा प्रत्येक शब्द, रन, कॅच, ओव्हर, बोल्ड, आपापल्या जागी ‘पाहा’ म्हणून द्यावा. घडवलेला पण न चाललेला शब्द, मग तो कितीही नेटका असो, व्याख्येच्या आत ठेवावा. हा नियम लावला तर उजवी यष्टी जाते, विटी आत जाते, आणि षटक उणिवेसह राहते.

नवी मुंबईत हे काम शाळा, वाचनालये आणि क्रिकेट शिकवणारे मिळून करू शकतील. शंभराच्या आसपास नोंदी पुरतील, त्याहून जास्त नकोत. ज्यांच्या हाती हे काम येईल त्यांना माझी एकच विनंती आहे. नोंदी छापण्याआधी एखाद्या सामन्याचा पूर्ण धावफलक घ्या, कधीच क्रिकेट न पाहिलेल्या एखादीला फक्त कोश हाती देऊन तो ओळीओळीने समजावून घ्यायला सांगा, आणि ती जिथे थांबेल तिथली नोंद पुन्हा लिहा.